सहावीच्या वर्गात ग्रामपंचायतीची मासिक सभा कशी भरवायची : नोटिशीपासून ठरावापर्यंत

सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण स्थानिक शासनाचा धडा येतो तेव्हा बहुतेक ठिकाणी काय होतं, सरपंच कोण, ग्रामसेवक कोण, सदस्य किती ते फळ्यावर लिहून घ्यायचं, मुलं ते पाठ करतात आणि विषय संपतो. पण ग्रामपंचायत निर्णय घेते म्हणजे नक्की काय करते हे त्यातून कोणालाच कळत नाही. मी गेली काही वर्षं हा धडा सभा भरवूनच घेतो, आणि जे शिक्षक (किंवा सुट्टीत गावातली मुलं जमवून काही करणारी ताई-दादा मंडळी) पहिल्यांदाच करणार आहेत त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय. दोन तास लागतात, अधिक पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं. ती पंधरा मिनिटं सोडू नका, का ते शेवटी येईलच.

आधी माझी पहिल्या वर्षीची चूक सांगतो. मी थेट वर्गात येऊन म्हटलं, चला तू सरपंच, तुम्ही सदस्य, गावात पाण्याचा प्रश्न आहे, करा सभा. वीस मिनिटं नुसता आरडाओरडा झाला, सरपंच झालेला मुलगा शेवटी म्हणाला "विहीर खोदू" आणि सगळ्यांनी हात वर केले. मला वाटलं झालं छान. मग सहज तीन मुलांना वेगवेगळं बसवून विचारलं की आत्ता काय ठरलं ते एका ओळीत लिहा, तर एकाने लिहिलं विहीर खोदायची, दुसऱ्याने लिहिलं विहीर आणि टाकी, तिसरीने लिहिलं पाण्याची सोय करायची. म्हणजे काहीच ठरलं नव्हतं. ही तीन चिठ्ठ्यांची परीक्षा मी तेव्हापासून प्रत्येक वेळी घेतो, तिन्ही चिठ्ठ्या जुळल्या तरच सभा झाली म्हणायचं.

चार दिवस आधी : नोटीस

सभेची सुरुवात सभेच्या दिवशी होत नाही, नोटिशीने होते. ग्रामपंचायतीच्या साध्या मासिक सभेची नोटीस तीन पूर्ण दिवस आधी सदस्यांना मिळायला लागते, आणि त्या नोटिशीतच कोणते विषय येणार ते लिहिलेलं असतं. त्यालाच अजेंडा म्हणा, विषयपत्रिका म्हणा. पूर्ण दिवस म्हणजे नोटीस दिली तो दिवस आणि सभेचा दिवस सोडून मधले तीन. मुलांना हे बोटांवर मोजायला लावा, शुक्रवारी सभा असेल तर सोमवारी नोटीस हातात पडली पाहिजे. मंगळवारी दिली तर मधे दोनच दिवस राहतात.

जमलं तर गावच्या पंचायतीतून एखाद्या जुन्या नोटिशीची झेरॉक्स मागून आणा, बहुतेक ग्रामसेवक हसत हसत देतात (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात). खरी नोटीस हातात घेतल्यावर मुलांचा चेहराच बदलतो, जावक क्रमांक, गोल शिक्का, खाली सदस्यांच्या सह्या. आमच्या वर्गाची विषयपत्रिका मी मुद्दाम छोटी ठेवतो, चारच विषय:

१) मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे.
२) मागील महिन्याच्या जमाखर्चास मंजुरी देणे.
३) पुढील वर्षाच्या आराखड्यासाठी पाणीपुरवठ्याचं काम ग्रामसभेला सुचवणे.
४) मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.

पहिला आणि दुसरा विषय पाच मिनिटांत उरकायचे. इतिवृत्त तुम्हीच चार ओळींचं लिहून ठेवा, जमाखर्चही पाच-सहा ओळींचा, घरपट्टी किती आली, पाणीपट्टी किती आली, दिवाबत्तीचं बिल किती गेलं. खरा जीव तिसऱ्या विषयात आहे.

कोण कोण असणार

आमचं कल्पनेतलं गाव आहे छोटं, सात सदस्यांचं. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात, लोकसंख्येवर ठरतं. सातपैकी चार जागा महिलांच्या, कारण राज्यात निम्म्या जागा राखीव आहेत. सरपंच थेट लोकांतून निवडून आलेली, म्हणजे सात अधिक एक अशी आठ मतं. ही आठ मी जाणूनबुजून घेतो कारण समसमान मतं पडायची शक्यता राहते, आणि तो प्रसंग आला की मुलं जागी होतात. एक ग्रामसेवक. तो नोटीस काढतो, नियम सांगतो, लिहून घेतो, पण त्याला मत नाही. हे मुलांना दोनदा सांगावं लागतं, सगळ्यात हुशार पोराला ग्रामसेवक केलं की तोच निर्णय द्यायला लागतो.

चाळीस मुलांचा वर्ग असेल तर उरलेली एकतीस मतदार. त्यांना नुसतं बघत बसवू नका. प्रत्येकाला एक कागद द्या आणि सभा चालू असताना तीन गोष्टी लिहायला सांगा, ठराव कोणी मांडला, कोणी अनुमोदन दिलं, आणि पैसे कुठल्या खात्यातून घ्यायचे ठरले.

सदस्यांना भूमिकेची चिठ्ठी द्यायची, दोन ओळींचीच. एक ओळ त्याला काय माहीत आहे, दुसरी त्याला काय हवंय. उदाहरणार्थ वॉर्ड तीनच्या सदस्येची चिठ्ठी अशी: "वरच्या वाडीत ३२ घरं आहेत, एप्रिल-मेमध्ये बायका खालून हंडे वाहून नेतात. वाडीपर्यंत पाइपलाइन हवी, अंदाज १,४०,००० रुपये." वॉर्ड एकच्या सदस्याची: "गावची टाकी खालून गळते, सकाळी भरली की दुपारपर्यंत निम्मी होते. टाकी दुरुस्ती हवी, अंदाज ९०,००० रुपये." तिसऱ्या एकाला शाळेचं कुंपण हवंय, १,५०,००० रुपये. बाकीच्यांच्या चिठ्ठीत मुद्दाम ठाम काही लिहायचं नाही, ते ऐकून ठरवतील. सगळ्यांना बाजू दिली की सभेची वादविवाद स्पर्धा होते आणि कोणी कोणाचं ऐकत नाही.

अजून एक चिठ्ठी मी दर वर्षी ठेवतो. एका मुलाला गुपचूप सांगायचं, तू सदस्येचा नवरा आहेस, सभेत येऊन तिच्या वतीने बोलायला लाग. मग बघायचं सरपंच काय करते. खऱ्या गावात हे सर्रास होतं आणि मुलांनी घरी पाहिलेलंही असतं, त्यामुळे बऱ्याच वेळा कोणालाच खटकत नाही, तो बोलतो आणि सभा पुढे जाते. तेव्हा मी सभा थांबवतो आणि हजेरी रजिस्टर उघडून विचारतो, याची सही कुठे आहे? नसते. ज्याची सही नाही त्याला तिथे बोलायचा अधिकार नाही, मत तर नाहीच. एका वर्षी सदस्या झालेली मुलगी स्वतःच उठून म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा, निवडून मी आलीय." तेवढ्या एका वाक्यासाठी तो तास सार्थकी लागला असं मला वाटतं.

पैसे आधी समजून द्या

हा भाग नवीन शिक्षक गाळतात आणि मग सभा हवेत चालते. मुलांना वाटतं पंचायतीकडे एक मोठी पेटी आहे, त्यातून काहीही काढता येतं. तसं नाही. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीचं (२०२१ ते २०२६) उदाहरण घ्या, त्यात ६० टक्के रक्कम बंधित होती, निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी, आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायची, पण पगार आणि आस्थापना खर्चाला नाही. आम्ही वर्गासाठी सोपा आकडा घेतो, पाच लाख. मग पाण्याचे दीड लाख, स्वच्छतेचे दीड लाख, अबंधित दोन लाख.

तीन लिफाफे करा आणि आत कागदाच्या नोटा घाला, खरंच करा, फळ्यावर आकडे लिहून तो परिणाम येत नाही. लिफाफ्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहायचं. एकदा एक सदस्य म्हणाला गावाच्या वेशीवर मोठी कमान बांधू आणि पाण्याच्या लिफाफ्याला हात घातला, ग्रामसेवक झालेल्या मुलीने लिफाफा मागे ओढून घेतला. तिला कोणी सांगितलं नव्हतं तसं करायला.

सभा : एक खरंच झालेली फेरी

आमच्या वर्गात झालेली एक फेरी जशीच्या तशी सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

ग्रामसेवकाने हजेरी घेतली. गणपूर्ती म्हणजे कोरम, मासिक सभेला निम्मे सदस्य हवेत. आठपैकी आठ होते, पण मी मुद्दाम पहिल्या पाच मिनिटांसाठी पाच जणांना बाहेर उभं केलं होतं. आत तीनच. सरपंचाने सभा सुरू करायला घेतली, ग्रामसेवक म्हणाली ताई, कोरम नाही. आता काय? मुलं म्हणाली बोलावून आणा. आणले. पण कोणी आलंच नसतं तर सभा तहकूब करावी लागली असती, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा कोरमची अट नसते. हे ऐकून मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, म्हणजे जे येत नाहीत त्यांच्याशिवाय पण ठरतं? हो, ठरतं.

पहिले दोन विषय झाले. तिसऱ्या विषयावर वॉर्ड तीनच्या सदस्येने पाइपलाइनचं मांडलं. छान बोलली, हंडे, चढण, तिची आजी. सगळे हो हो करायला लागले आणि सरपंच म्हणाली चला हात वर करा. इथे थांबवा. हात कशासाठी वर करायचे ते वाक्य अजून झालेलंच नाही. भाषण आणि ठराव यात फरक आहे, ठराव म्हणजे असं वाक्य जे ग्रामसेवक जसंच्या तसं रजिस्टरमध्ये लिहू शकेल, त्यात काम काय, कुठे, किती रुपयांत, कुठल्या निधीतून हे सगळं आलं पाहिजे. तिने तीन वेळा प्रयत्न केला, चौथ्यांदा जमलं: "वरच्या वाडीपर्यंत पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन टाकण्याचं १,४०,००० रुपयांचं काम पाण्याच्या बंधित निधीतून घेण्याची शिफारस ग्रामसभेला करण्यात यावी." ती सूचक. मग दुसऱ्या सदस्याने अनुमोदन दिलं, तो अनुमोदक.

आता वॉर्ड एकचा सदस्य उठला, म्हणाला टाकीच गळतेय तर पाइपमधून काय जाणार? हा प्रश्न त्याच्या चिठ्ठीत नव्हता, त्याने स्वतः शोधला. वर्ग गप्प. पाइपलाइनचे १,४०,००० आणि टाकीचे ९०,००० मिळून २,३०,०००, लिफाफ्यात दीड लाख. ऐंशी हजार कमी पडतात. पाच-सात मिनिटं नुसती घासाघीस चालली, कोणी म्हणे अर्धीच पाइपलाइन टाका, कोणी म्हणे टाकी पुढच्या वर्षी. अशा वेळी शिक्षकाला बोलायचा फार मोह होतो, बोलू नका. शेवटी उपसरपंच झालेली मुलगी म्हणाली अबंधितमधून ऐंशी हजार घेता येतील का? ग्रामसेवकाने सांगितलं येतील, अबंधित पैसा पाण्याला वापरता येतो, पाण्याचा पैसा मात्र कमानीला वापरता येत नाही. हा उलटसुलट फरक तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात बसला, आधी मी तीनदा समजावलं होतं तेव्हा बसला नव्हता.

ही झाली उपसूचना, मूळ ठरावात बदल. उपसूचनेवर मत आधी घ्यायचं, ती पडली तर मग मूळ ठरावावर. पण मत घ्यायच्या आधी कुंपणवाला उठला, अबंधितमधले ऐंशी हजार गेले तर एक लाख वीस हजार उरतात, माझं कुंपण दीड लाखाचं आहे, मग शाळेत गुरं शिरत राहणार. तो चिडला होता आणि त्याचं बरोबरही होतं. मतं पडली, बाजूने चार, विरोधात चार.

सरपंच बाजूने होती. मी सांगितलं, मतं समसमान पडली की अध्यक्षाला निर्णायक मत असतं. ती म्हणाली, "सर, मी एकदा दिलंय ना मत, परत कसं देऊ?" देता येतं, नियमातच तशी सोय आहे, नाहीतर सभा तिथेच अडकून बसेल. ती बराच वेळ बसून राहिली, कुंपणवाल्याकडे बघत होती, तो तिच्या शेजारच्या बाकावर बसतो. मग म्हणाली बाजूने, पण कुंपण पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत घ्या. ग्रामसेवकाने लिहिलं:

"विषय क्र. ३, ठराव क्र. ३. पाइपलाइन रु. १,४०,००० व टाकी दुरुस्ती रु. ९०,००० अशी एकूण रु. २,३०,००० ची कामे, पैकी रु. १,५०,००० पाण्याच्या बंधित निधीतून व रु. ८०,००० अबंधित निधीतून घेण्याची शिफारस ग्रामसभेस करण्यात यावी. बाजूने ४, विरोधात ४. अध्यक्षांच्या निर्णायक मताने ठराव मंजूर."

खाली सूचक, अनुमोदकाची नावं. मग मोठ्याने वाचून दाखवायचं. वाचून दाखवल्याशिवाय पुढचा विषय घ्यायचा नाही, आणि तीन चिठ्ठ्यांची परीक्षा इथेच घ्यायची.

चौथ्या विषयात, ऐनवेळच्या, सावध राहा. त्याच कुंपणवाल्याने तिथे कुंपणाचा खर्च घुसवायचा प्रयत्न केला. आमच्या वर्गाचा नियम आहे की ऐनवेळी पैशाचा विषय घ्यायचा नाही, कारण नोटीस वाचून जो सदस्य म्हणाला की या वेळी माझ्या कामाचं काही नाही, मी नाही जात, त्याच्या पाठीमागे पैसे खर्च होतील. नोटीस आधी का देतात ते मुलांना इथे उमगतं.

दुसरा तास : ग्रामसभा

मासिक सभेने फक्त शिफारस केली, आराखड्याला मंजुरी ग्रामसभेची लागते. आता सगळी चाळीस मुलं मतदार. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी आणि गावात दवंडी, तेव्हा एका पोराला ताट वाजवत व्हरांड्यातून फिरवा, त्याला फार आवडतं. कोरम वेगळा: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. बाराशे मतदार असतील तर पंधरा टक्के होतात १८०, म्हणून १०० पुरतात. चारशे मतदार असतील तर ६०. वर्गात चाळीसला सहा. मुलं म्हणतात एवढेच? हो, एवढेच, आणि खऱ्या गावात तेवढेही जमत नाहीत म्हणून कितीतरी ग्रामसभा तहकूब होतात. त्याच्या आधी महिला सभा भरवायची असते, ती वर्गातही भरवा, फक्त मुलींची, दहा मिनिटं, मुलांना बाहेर पाठवून. दोनदा असं झालंय की महिला सभेत कुंपण आणि पाणी दोन्ही बाजूला पडलं आणि मुलींनी शाळेच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही हा विषय आणला. स्वच्छतेचा लिफाफा तोपर्यंत कोणी उघडलाच नव्हता.

ग्रामसभेत ठराव सदस्यांनीच मांडला पाहिजे असं नाही, मतदार मांडू शकतो. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातलं हेरवाड हे गाव मी इथे सांगतो. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सूचक बाई आणि अनुमोदकही बाई. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही त्या वाटेने जायला सांगितलं. मुलांना विचारा, नुसतं भाषण झालं असतं, रजिस्टरमध्ये ठराव झाला नसता, तर परिपत्रकात सरकारने दाखवलं काय असतं?

मतदानावर मुलांचा एक प्रश्न हमखास येतो, हरलेल्यांचं काय. तेव्हा गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं सांगा. तिथे बहुमताने हात मोजून ठरवत नाहीत, सर्वसहमतीने ठरवतात, एकाचा जरी विरोध असला तरी चर्चा चालू ठेवतात. वेळ असेल तर तोच पाण्याचा विषय सर्वसहमतीने करून बघा. आमच्याकडे तीस मिनिटांत जमलं नाही, पण चर्चेत कुंपणाचा खर्च तारेऐवजी मेंदीच्या कुंपणाने आणि श्रमदानाने कमी करता येईल हे निघालं, जे मतदानाच्या फेरीत निघालं नव्हतं. घाईचा विषय असेल तर मला मतदान बरं वाटतं, ज्यात नंतर सगळ्यांना हात लावून काम करायचंय तिथे सहमती.

पुढच्या आठवड्यातली पंधरा मिनिटं

आता ते शेवटचं. पुढच्या आठवड्यात फक्त पहिला विषय घ्यायचा, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. पहिल्या दिवशी मुलांना हा विषय म्हणजे नुसता उपचार वाटतो. तुम्ही काय करायचं, ग्रामसेवकाला विश्वासात घेऊन इतिवृत्ताची एक वेगळी प्रत करायची, एक बारीक चूक घालून, आणि ती सपाट आवाजात भराभर वाचायला लावायची. खरं रजिस्टर टेबलावरच ठेवा. मी अबंधितचे ८०,००० चे ८,००० करून ठेवले होते. ग्रामसेवक वाचत गेली, सरपंच म्हणाली कायम करायचं का, सात जण हो म्हणाले. मागून मतदारांमधली एक मुलगी, जी दोन्ही तास एक शब्द बोलली नव्हती, तिने आपला तीन गोष्टींचा कागद वर धरला आणि म्हणाली, थांबा, माझ्याकडे ऐंशी हजार लिहिलंय. रजिस्टर उघडलं, तिचं बरोबर होतं. दुरुस्ती करून, शेजारी सरपंच आणि ग्रामसेवकाच्या सह्या घेऊन मगच इतिवृत्त कायम झालं.